‘हजेरीपट’ : १८७६–७७ च्या दख्खनच्या दुष्काळावरील वर्गखेळ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा खेळ नेमका कोणत्या दुष्काळावर आधारलेला आहे?

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिण भारतात जो मोठा दुष्काळ पडला, त्यातील मुंबई इलाख्याच्या वाट्याला आलेल्या भागावर हा खेळ आहे. संपूर्ण दुष्काळात ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असे सरकारी आयोगाने पुढे मान्य केले. एवढा मोठा पट वर्गातल्या टेबलावर मांडता येत नाही, आणि मांडला तरी त्यात माणसे दिसेनाशी होतात. म्हणून आम्ही फक्त सोलापूर जिल्हा घेतला आहे. या जिल्ह्यातील शेती मुख्यतः रब्बीच्या ज्वारीची, म्हणजे उत्तरा-हस्ताच्या पावसावर अवलंबून असलेली. १८७६ मध्ये नेमका तोच पाऊस आला नाही. जिल्ह्यातून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६० पासून जात होता, शहरात विणकरांची मोठी वस्ती होती आणि दुष्काळी कामेही येथे निघाली. एकाच जिल्ह्यात धान्य, मजुरी, वाहतूक आणि सरकारी हुकूम यांचा परस्परसंबंध दाखवता येतो, हे या निवडीचे कारण आहे.

खेळ किती जणांचा आहे आणि त्याला किती वेळ लागतो?

एका पटावर सहा गट बसतात आणि प्रत्येक गटात दोन ते चार विद्यार्थी असू शकतात. त्यांपैकी तीन गट म्हणजे कुटुंबे आहेत: सांगोल्याजवळचे कुणबी कुटुंब, करमाळ्याकडचे भूमिहीन मजुराचे कुटुंब आणि सोलापुरातले विणकराचे कुटुंब. उरलेल्या तीन गटांकडे धान्याचा व्यापारी, मामलेदार आणि पुणे सार्वजनिक सभेचा प्रतिनिधी या भूमिका असतात. एक फेरी म्हणजे एक महिना. ऑक्टोबर १८७६ ते नोव्हेंबर १८७७ अशा चौदा फेऱ्या असल्याने दोन तासिका सलग मिळाल्यास खेळ पुरा होतो. तासिका सलग नसतील तर जानेवारीच्या फेरीनंतर थांबावे, कारण पुढच्या चर्चेसाठी तो टप्पा सर्वांत उपयोगी आहे. खेळ आठवीपासून पुढच्या वर्गांसाठी योग्य आहे. अपूर्णांकांची बेरीज सहज करता येणे एवढीच त्याची पूर्वअट आहे.

सगळे घटनापत्ते पिसून का ठेवत नाहीत?

पत्त्यांचे दोन गठ्ठे आहेत. हुकूम आणि हवामानाचे पत्ते तारखेच्या क्रमाने लावलेले असतात आणि ते त्याच क्रमाने उघडायचे असतात. गावातल्या आणि घरातल्या घटनांचे पत्ते मात्र पिसले जातात. पहिल्या गठ्ठ्यातील घटना एकीमागून एक का घडल्या हे समजून घेणे हाच खेळाचा विषय आहे. कामावरील दर उतरवण्याचा हुकूम संख्या वाढल्यामुळे निघाला, आणि संख्या वाढली ती ज्वारी महागल्यामुळे. हे पत्ते उलटसुलट आले तर विद्यार्थ्यांच्या मनात दुष्काळ म्हणजे नशिबाचा फेरा अशी समजूत पक्की होईल. दुसऱ्या गठ्ठ्यात बैल आजारी पडणे, सावकाराने नवे कर्ज नाकारणे, मुलीला माहेरी आणावे लागणे, पेव उघडल्यावर तळाची ज्वारी कुजलेली निघणे असे पत्ते आहेत. कोणत्या घरावर केव्हा काय ओढवेल हे खरोखरच अनिश्चित होते, म्हणून तेवढाच भाग योगायोगावर सोडला आहे.

खेळ सुरू होण्यापूर्वी शिक्षकांनी दोन ‘पूर्वपीठिका’ पत्ते वाचून दाखवावेत. पहिला अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळल्याचा आहे, आणि दुसरा मे १८७५ मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या सावकारविरोधी दंगलींचा. दुष्काळाला सुरुवात झाली तेव्हा शेतकरी आधीच कर्जात होता आणि सावकारही हात आखडून बसला होता, हे यांवरून कळते.

पाऊस पडला नाही म्हणून दुष्काळ पडला, हे पुरेसे नाही का? भावाच्या पट्टीला एवढे महत्त्व कशासाठी?

पाऊस न आल्याने पीक गेले हे खरे, पण माणसे उपाशी कोणत्या वाटेने गेली हे त्यातून कळत नाही. पटाच्या मध्यभागी जी पट्टी आहे, तिच्यावर एका रुपयाला किती रतल ज्वारी मिळते ते दाखवलेले आहे: ३२, २४, १६, १२, १० आणि ८. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी खेळाने धरलेले आहेत. एक रतल म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम आणि एका रुपयाचे सोळा आणे, एवढे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवले की पुरते.

पट्टीवरील सोंगटी खाली सरकते तेव्हा तिन्ही कुटुंबांवर परिणाम होतो, पण तो सारखा नसतो. कुणब्याच्या घरी पेवात काही ज्वारी आहे, त्यामुळे पहिल्या दोन-तीन फेऱ्या त्याला भावाची झळ कमी लागते. मजुराला पेव नाही. शेतात काम नाही म्हणजे मजुरी नाही. विणकराचे तर शेतीशी काही देणेघेणेच नाही, तरीही तो लवकर अडचणीत येतो, कारण ज्वारीपायी सगळा पैसा खर्च होऊ लागल्यावर गावोगावचे लोक लुगडी-धोतरे घेणे आधी थांबवतात. बहुतेक वर्गांत विणकराच्या गटातील मुले तिसऱ्या फेरीला तक्रार करतात की आमच्यावर पावसाचा पत्ताच आला नाही, मग आमचे पैसे का संपले. ही तक्रार त्यांना मोठ्याने मांडू द्यावी आणि तिचे उत्तर इतर गटांकडून काढून घ्यावे.

बैल विकण्याचा नियमही येथे ध्यानात घ्यावा. एका फेरीत एकाच कुटुंबाने जनावर विकले तर पूर्ण किंमत मिळते, दोघांनी विकले तर निम्मी आणि त्यापुढे पाव. कडबा संपला की सगळेच विकायला निघतात आणि घेणारा कोणी नसतो. धान्य महागत असताना लोकांजवळची चीजवस्तू त्याच वेळी स्वस्त होत जाते, आणि या दोहोंच्या कात्रीत घर सापडते.

दुष्काळी कामावरच्या मजुरीचा हिशेब विद्यार्थ्यांना अवघड जातो. तो एकदा उदाहरणाने समजावून सांगाल का?

नियम त्या वेळच्या हुकुमांवरूनच घेतला आहे. नोव्हेंबर १८७६ मध्ये मुंबई सरकारने ठरवले की ज्वारी रुपयाला सोळा रतलांपेक्षा महाग झाली तर मजुरीही भावाबरोबर बदलावी: पुरुषाला एक रतल धान्याची किंमत आणि वर एक आणा, स्त्रीला एक रतल धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. जानेवारी १८७७ मध्ये मामलेदाराच्या देखरेखीखालील, गावाजवळच्या लहान कामांवर हा वरचा भाग निम्म्यावर आणला गेला, म्हणजे पुरुषाला अर्धा आणा आणि स्त्रीला पाव आणा. पूर्वीचा दर हवा असेल त्याने बांधकाम खात्याच्या मोठ्या कामांवर जावे, असा त्यामागचा हेतू होता.

आता सांगोल्याचे कुणबी कुटुंब घेऊ. घरात नवरा-बायको, म्हातारी आई आणि एक लहान मूल आहे. खेळात कष्टकरी पुरुषाची रोजची गरज दीड रतल, स्त्रीची सव्वा, म्हातारीची पाऊण आणि मुलाची अर्धा रतल धरली आहे. एकूण चार रतल. डिसेंबरपर्यंत पेव रिकामे झाले आणि बैलजोडी पाव किमतीला गेली असे समजू. जानेवारीत भाव रुपयाला आठ रतल आहे, म्हणजे एका रतलाला दोन आणे पडतात.

जुन्या दराने पुरुषाला दोन आणे आणि एक आणा असे तीन आणे मिळतात, त्यांची ज्वारी दीड रतल होते. स्त्रीला अडीच आणे मिळतात, त्यांची सव्वा रतल. दोघांची मिळून पावणेतीन रतल. चार रतलांच्या गरजेला सव्वा रतल कमी. नव्या दराने पुरुषाचे अडीच आणे म्हणजे सव्वा रतल आणि स्त्रीचे सव्वादोन आणे म्हणजे एक रतल आणि अष्टमांश. बेरीज होते दोन रतल आणि तीन अष्टमांश. पुरुषाला आता त्याच्या एकट्याच्या गरजेपुरतेही मिळत नाही, मग म्हातारी आणि मूल यांच्या तोंडी काय घालायचे हा प्रश्न उरतोच. शिवाय मीठ, मिरची, सरपण यांचा खर्च आम्ही धरलेलाच नाही.

हा हिशेब फळ्यावर सर्वांसमोर करावा. पाव आणा किंवा अर्धा आणा ही कपात कागदावर क्षुल्लक वाटते, पण ज्या कुटुंबाच्या हाती धान्याच्या किमतीपलीकडे तेवढेच असते त्याच्या दृष्टीने वरची सगळी मोकळीक निम्मी झालेली असते. त्याच सुमारास व्हाइसरॉय लिटन यांनी पाहणीसाठी पाठवलेले सर रिचर्ड टेम्पल हे मजुराला दिवसाला एक रतल धान्याचा आधार पुरेसा मानत होते, तर मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉक्टर कॉर्निश किमान दीड रतलाचा आग्रह धरत होते. खेळातील दीड रतलाची गरज कॉर्निश यांच्या बाजूने ठरवलेली आहे, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे.

कुटुंबाने मोठ्या कामावर जावे, म्हणजे प्रश्न सुटतो. ‘संप’ हा पत्ता मग कशाला?

मोठ्या कामावर जाण्याची किंमत पटावर मोजलेली आहे. सांगोल्याहून माढा तालुक्यातील आष्टीच्या तलावाचे काम सुमारे पंधरा कोस पडते. कुटुंबाची सोंगटी तेथे नेली की म्हातारीला बरोबर घ्यावे लागते किंवा मागे ठेवावे लागते, उरलेसुरले जनावर विकावे लागते आणि छावणीच्या गर्दीत पटकीचा पत्ता लागू होतो. नेमून दिलेले काम पुरे झाले नाही तर मजुरी कापली जाते, आणि महिनाभर अर्धपोटी राहिलेल्या माणसाकडून ते पुरे होत नाही. म्हणून जानेवारी–फेब्रुवारी १८७७ मध्ये दख्खनमधील हजारो लोकांनी कमी दर घेण्यासही आणि दूरच्या कामावर जाण्यासही नकार दिला व ते कामे सोडून निघून गेले. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

खेळाचे नाव ज्यावरून पडले तो भाग येथेच येतो. मामलेदाराचा गट दर फेरीला हजेरीपटावर कामावरील माणसांची संख्या लिहितो. संपाच्या फेरीत ती एकदम खाली येते. त्यानंतर मामलेदाराने एका वाक्यात अहवाल लिहायचा असतो, आणि सभेच्या प्रतिनिधीने त्याच संख्येवरून आपले निवेदन लिहायचे असते. ज्यांना गरज नव्हती ते गेले, हा सरकारी पक्षाचा निष्कर्ष होता; ज्यांना गरज आहे त्यांनाच बाहेर लोटले गेले, हे सभेचे म्हणणे होते. मग कुटुंबांच्या गटांनी आपल्यासमोरचे रिकामे धान्याचे खण दाखवावेत. आमच्या मते संपूर्ण खेळात यापेक्षा महत्त्वाचा क्षण नाही, आणि वेळ कमी असेल तर इतर काहीही वगळावे, हा प्रसंग वगळू नये.

धान्य रेल्वेने येत होते, तर मग सांगोल्यात ते का मिळाले नाही?

व्यापाऱ्याच्या गटाला हा प्रश्न स्वतःच सोडवावा लागतो. उत्तरेकडून आलेली पोती बार्शी रोड स्टेशनावर, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला उतरतात. तेथून पंढरपूरमार्गे सांगोला सुमारे ऐंशी किलोमीटर आहे आणि हा रस्ता बैलगाडीचा. खेळात या एका खेपेला चाऱ्याच्या दोन चकत्या लागतात. पहिल्या तीन फेऱ्यांत चारा असतो, पण व्यापारी भाव आणखी चढण्याची वाट पाहत माल धरून ठेवतो. पुढे भाव चढतो तेव्हा चारा आणि बैल दोन्ही उरलेले नसतात. म्हणून सांगोल्याचा भाव नेहमी स्टेशनाच्या भावापेक्षा एक घर वाईट ठेवला आहे. व्यापारी लोभी आहे एवढेच विद्यार्थ्यांनी म्हणू नये यासाठी शिक्षकांनी त्या गटाला एक प्रश्न विचारावा: सांगोल्यात धान्य नेले तर तेथे ते विकत घेण्याइतका पैसा कोणाकडे आहे? ज्या गावात गरज सर्वांत जास्त आणि पैसा सर्वांत कमी, तेथे बाजार आपण होऊन धान्य पोहोचवत नाही.

मामलेदाराच्या गटाला सरकारी खर्चाने धान्य विकत घेऊन वाटता येते का?

नाही. मुलांना हे अन्यायकारक वाटते, आणि वाटावे. मुंबई सरकारने धान्याच्या खाजगी व्यापारात हात घालायचा नाही हे धोरण ठेवले होते, आणि लिटन यांच्या सरकारचाही तोच आग्रह होता. मद्रास सरकारने स्वतः धान्य खरेदी केले तेव्हा त्याला वरून समज मिळाली. याच टेम्पल यांनी १८७३–७४ मध्ये बिहारमध्ये ब्रह्मदेशातून तांदूळ आणून मोठी जीवितहानी टाळली होती आणि त्या खर्चाबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली होती. हे सांगणारा पत्ता फेब्रुवारीच्या फेरीत येतो. मामलेदाराच्या हाती कामे काढणे, हजेरी घेणे आणि थोड्या असहाय लोकांना धर्मार्थ शिधा देणे एवढेच आहे. शिध्याच्या चकत्या दर फेरीला चारच मिळतात; त्या कोणाला द्यायच्या हे त्या गटाने ठरवायचे आणि कारण नोंदवायचे. ज्या वर्गाला वेळ असेल त्याने हा खेळ दुसऱ्यांदा सरकारी खरेदीची मुभा देऊन खेळावा. मात्र तो काल्पनिक डाव आहे हे पटावर लिहून ठेवावे.

खाजगी मदतीचे पत्ते कोणते आहेत?

सार्वजनिक सभेची मुख्य शक्ती पैशाची नसून माहितीची होती. गणेश वासुदेव जोशी आणि महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने सभेने जिल्ह्यांतून वृत्तान्त मागवले आणि ते सरकारला सादर केले. म्हणून खेळात सभेचा गट दर फेरीला एका कुटुंबाचा खरा साठा पाहू शकतो, जो मामलेदाराला दिसत नाही. सत्यशोधक समाजाचे दोन पत्ते आहेत. एक धनकवडीच्या व्हिक्टोरिया बालाश्रमाचा, जेथे दुष्काळातील मुलांना अन्न मिळत होते आणि ज्यासाठी जोतीराव फुले यांनी मे १८७७ मध्ये मदतीचे आवाहन केले. दुसरा सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून लिहिलेल्या पत्राचा. ही दोन्ही ठिकाणे पुणे जिल्ह्यातील असल्याने हे पत्ते सोलापूरच्या कुटुंबांना थेट अन्न देत नाहीत; फक्त पुण्याच्या दिशेने स्थलांतर केलेल्या कुटुंबालाच त्यांचा लाभ होतो.

मृत्यू खेळात कसा दाखवला आहे? लहान मुलांना त्याचा त्रास होणार नाही का?

कोणतीही सोंगटी पटावरून उचलून टाकली जात नाही आणि कोणताही विद्यार्थी खेळातून बाद होत नाही. सलग दोन फेऱ्या गरजेच्या निम्म्याहून कमी धान्य मिळाले तर कुटुंबाच्या वहीत एक ओळ लिहिली जाते, उदाहरणार्थ ‘म्हातारी गेली’, आणि त्या कुटुंबाची गरज तेवढी कमी होते. घर सावरल्यासारखे दिसते ते माणूस कमी झाल्यामुळे, हे मुलांच्या लगेच लक्षात येते. ही ओळ मोठ्याने वाचायला लावू नये. ज्या मुलाच्या घरी अलीकडे मृत्यू झाला असेल त्याला व्यापाऱ्याच्या किंवा मामलेदाराच्या गटात बसवावे. नक्कल, रडण्याचा अभिनय, भीक मागण्याचे सोंग यांना वर्गात जागा देऊ नये.

जूनमध्ये पाऊस पडतो तरी खेळ का संपत नाही?

कारण दुष्काळ तेव्हा संपला नाही. जून १८७७ मध्ये पाऊस आला तेव्हा लोक कामे सोडून पेरणीला घरी गेले. पण जुलै–ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली आणि भाव पुन्हा चढले. बैल विकून बसलेल्या कुणब्याला त्या पावसाचा उपयोग करून घेता येत नाही. त्याला सावकाराकडून बियाणे आणि दुसऱ्याचे औत घ्यावे लागते, आणि त्याची किंमत येणाऱ्या पिकातून चुकवावी लागते. सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये पाऊस चांगला झाला, आणि वर्ष संपता संपता कामे बंद झाली. शेवटच्या तीन फेऱ्यांत भाव उतरत असतानाही तापाचे पत्ते येत राहतात, कारण अशक्त झालेल्या शरीराला साथीचा मार पीक आल्यानंतरही बसतो.

गुण कसे मोजायचे? जिंकतो कोण?

गुण नाहीत. शेवटी प्रत्येक कुटुंबाने जमीन, जनावरे, कर्ज आणि माणसे यांची सुरुवातीची व शेवटची नोंद शेजारी शेजारी लिहावी. व्यापाऱ्याने नफा लिहावा. मामलेदाराने खर्च लिहावा. एवढे फळ्यावर आले की चर्चेला वेगळा विषय शोधावा लागत नाही.

विद्यार्थ्यांचे आजी-आजोबा ‘बहात्तरच्या दुष्काळा’विषयी सांगतात. तो या खेळाशी जोडावा का?

जरूर जोडावा, पण खेळ संपल्यावर. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर इलाख्यांसाठी दुष्काळ संहिता तयार झाल्या, आणि १९७२–७३ मधील कामांना त्या परंपरेची पार्श्वभूमी होती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, मिलो ज्वारी आणि सुकडी यांच्या आठवणी अनेक घरांत आहेत. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि तो १९७९ पासून अमलात आला. विद्यार्थ्यांनी घरी विचारण्यासाठी आम्ही तीनच प्रश्न सुचवतो: काम घरापासून किती लांब होते, आठवड्याच्या मजुरीत किती धान्य येत असे, आणि कामावर जाऊ न शकणाऱ्यांचे कसे भागत असे. या तीन उत्तरांची सांगोल्याच्या हिशेबाशी तुलना करता येते.

साहित्य शाळेतच तयार करता येईल का?

होय. पट कार्डशीटवर काढावा, पत्ते जाड कागदावर छापावेत, ज्वारीसाठी चिंचोके आणि आण्यांसाठी शर्टाची बटणे वापरावीत. खरे धान्य वापरू नये. ते सांडते, तुडवले जाते आणि या विषयाच्या तासाला ते शोभत नाही. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी तीन पट लागतात, आणि तिन्ही पटांवरील हुकमांचे पत्ते शिक्षकांनी एकाच वेळी वाचून दाखवावेत.